‘डेटा क्लाउडवर आहे, मग बीसीपी कशाला?’ – जरा थांबा

"छोट्या ऑफिसला बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन म्हणजे नुसता कागदी घोडा. डेटा क्लाउडवर आहे, लोक घरून काम करतात, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि निर्णय घ्यायला साहेब आहेतच."

हे फॉरवर्ड चार ग्रुपवर आलंय म्हणून लिहितोय. बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन, म्हणजेच बीसीपी, म्हणजे संकट आलं तर काम कुठून, कोणी आणि कसं चालू ठेवायचं ते आधीच लिहून ठेवलेला प्लॅन.

आधी क्लाउड आणि घरून काम. १२ ऑक्टोबर २०२० आठवा, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि लॉकडाऊनमुळे अर्धी मुंबई तेव्हा घरूनच काम करत होती. ऑफिस ठाण्यात आणि माणसं डोंबिवली, ऐरोली, मुलुंडला, म्हणजे घरं वेगळी असली तरी संकट एकच ना? पर्यायी जागेची परीक्षा हीच, की जे मुख्य जागेला लोळवेल ते तिलाही त्याच दिवशी लोळवेल का. शेजारच्या इमारतीतली जागा आगीला चालेल, वीज किंवा पुराला नाही.

आता समजा ठाण्यात २१ जणांचं पगार आणि टॅक्सची कामं करणारं ऑफिस आहे. त्यांना नाशिक किंवा पुण्यात अख्खं ऑफिस घ्यायची गरज नाही, ओळखीच्या सीएच्या ऑफिसात तीन टेबलं आणि तिथेच राहणारी दोन-तीन माणसं पुरतात, फक्त ते आधी लेखी ठरलेलं हवं. आणि क्लाउडवर नसलेल्या गोष्टींचं काय? रिटर्न भरताना लागणारा डिजिटल सिग्नेचरचा डोंगल ठाण्याच्या ड्रॉवरमध्ये, बँकेचा ओटीपी साहेबांच्या एकाच फोनवर, आणि पगाराची फाइल बँकेत एकाने टाकायची तर दुसऱ्याने मंजूर करायची. तो दुसरा लोकलमध्ये अडकला की डेटा क्लाउडवर असूनही पगार अडकला. म्हणून मंजुरीचा अधिकार असलेला आणखी एक माणूस, स्वतःच्या नावाच्या डोंगलसह, दुसऱ्या शहरात हवा. (एकाचा डोंगल दुसऱ्याने वापरायचा हा आपला लाडका जुगाड, पण तो प्लॅनमध्ये लिहू नका.)

'साहेब आहेतच' हे तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण गाडं अडतं ते बहुतेक वेळा यंत्रावर नाही, तर 'आता संकट जाहीर करायचं का' या प्रश्नावर. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचं ट्रेडिंग ११:४० ला थांबलं ते पावणेचारला सुरू झालं. चेन्नईला त्यांची डीआर साइट, म्हणजे संकटात काम हलवायची पर्यायी जागा, होती, तरी काम तिकडे हलवलंच नाही. त्यानंतर सेबीने नियम घट्ट केले, की महत्त्वाची सिस्टिम बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि तिथून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करा. एवढ्या मोठ्या संस्थेला घड्याळ लावून द्यावं लागलं, मग आपण कोण? प्लॅनमध्ये संकट कोण जाहीर करेल त्याचा हुद्दा लिहा, त्याचा पहिला पर्यायी माणूस लिहा, दुसरा लिहा, आणि 'दहा मिनिटांत वरचा सापडला नाही तर त्याच्या पुढचा जाहीर करेल, नंतर कोणी जाब विचारणार नाही' हे वाक्य साहेबांच्या सहीने लिहा. ते नसेल तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

राहिला व्हॉट्सॲप ग्रुप. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मोबाइल लागतच नव्हते. नेटवर्क चालू असलं तरी ग्रुपवर मेसेज 'गेला' म्हणजे 'कळला' असं होत नाही, निळ्या टिका मोजत कोण बसणार? फोनची साखळी वेगळी चालते. प्रमुख चौघांना फोन करतो, ते चौघे प्रत्येकी चार जणांना. फोनला दोन मिनिटं धरली तर एकट्याला वीस फोन करायला चाळीस मिनिटं लागतात, साखळीत सोळा. पाच मिनिटांत कोणी उचललं नाही तर थांबायचं नाही, त्याच्या खालच्या लोकांना वरच्यानेच फोन करायचे, नाहीतर एका बंद फोनमागे चार माणसं अंधारात राहतात. निरोप लिहून ठेवलेला, तोच वाचायचा: काय झालं, कुठे यायचं किंवा यायचं नाही, पुढचा फोन किती वाजता. आणि प्रत्येक शाखेतल्या शेवटच्या माणसाने उलटा प्रमुखाला फोन करून ऐकलेला निरोप सांगायचा, त्यावरून निरोप वाटेत बदलला का ते लगेच कळतं.

नंबर कागदावर, प्रत्येकाच्या घरी. मोबाइल लागत नसेल तर लँडलाइन, तीही नसेल तर कुठे भेटायचं ते त्याच कागदावर.

साखळी कुठे तुटते ते बघायला एखाद्या रविवारी सकाळी न सांगता फोन लावा, नोकरी सोडून गेलेल्याचा नंबर अजून यादीत आहे हे तेव्हाच सापडतं. एनएसईनेही २ मार्च २०२४ ला शनिवारी खरं ट्रेडिंग डीआर साइटवरून चालवून बघितलं. तुमचा डोंगलवाला पुण्याचा माणूस एखाद्या महिन्याचं जीएसटी रिटर्न तिथूनच भरू दे, म्हणजे त्याचा पासवर्ड चालतो की नाही ते २० तारखेच्या आत कळेल.