बाई, नेट गेलं

वर्गात मी “समजलं का?” विचारते आणि मागून सगळ्या गळ्यांतून एकदम “हो बाई” येतं. या ‘हो बाई’ची खरी किंमत चाचणीचे पेपर तपासताना कळते. त्यामुळे आमच्या शाळेतले संगणकाचे सर जेव्हा म्हणाले, “बाई, तुमचा अपूर्णांकांच्या बेरजेचा व्हिडिओ आहे ना, त्यात मध्ये मध्ये प्रश्न टाका. H5P नावाचं साधन आहे, त्यात अर्ध्या तासाचं काम,” तेव्हा मी हुरळले. संगणकवाल्यांचा अर्धा तास आणि रिक्षावाल्याचं “हे काय, इथंच आहे” एकाच मापाचं असतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

व्हिडिओ होता ७ मिनिटं ४० सेकंदांचा. १/२ अधिक १/४, छेद वेगळे, मग समच्छेद करायचे, मग बेरीज. करायचं एवढंच होतं, की व्हिडिओ चढवायचा, खालच्या पट्टीवर हव्या त्या सेकंदाला जायचं, वरच्या चित्रांतून प्रश्नाचा प्रकार उचलून व्हिडिओवर ठेवायचा, तो कितीपासून कितीपर्यंत दिसेल ते भरायचं आणि `Pause video` च्या चौकोनात खूण करायची. मी पहिल्याच झटक्यात अकरा प्रश्न ठेवले. पंक्तीत दर घासाला येऊन “मीठ बरोबर आहे ना?” विचारणारे एक काका असतात, तसा तो व्हिडिओ झाला. माझी पाचवीतली मुलगी चौथ्या प्रश्नाला म्हणाली, “आई, तू मला शिकवतेयस की माझी जबानी घेतेयस?” सात प्रश्न काढले.

उरले चार. त्यातला मुख्य ४:०८ ला. बेरीज किती? पर्याय चार: ३/४, २/६, २/४, १/८. मुलीने क्षणात ३/४ वर बोट ठेवलं. मी शेजारच्या आजींना बोलावून दाखवलं. आजींनी चष्मा सावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, पण उत्तर मागे फळ्यावर लिहिलंय की!”

लिहिलं होतं. ४:०५ ला मी “म्हणजे किती झाले?” असं विचारते, ४:०७ ला माझाच हात खडूने ३/४ लिहितो, आणि ४:०८ ला मी व्हिडिओ थांबवून विचारत होते, सांगा पाहू. प्रश्न ४:०५ वर सरकवला. आता तो “किती झा” ला थांबायला लागला. शेवटी ‘झाले’ आणि खडू यांच्यामधली ती एक श्वासाएवढी फट सापडेपर्यंत मी माझंच वाक्य तीसेक वेळा ऐकलं. आपण बोलताना इतकं नाक ओढतो हे घरात कुणी सांगत नाही.

सोमवारी व्हिडिओ वर्गाला दिला. संध्याकाळी पालकांच्या गटात निरोपांची रांग लागली: “बाई, नेट गेलं.” “बाई, चार मिनिटांनी अडकतो.” एका आजोबांनी राऊटर दोनदा बंद-चालू केला होता. मी प्रश्न `Button` म्हणून ठेवला होता. म्हणजे व्हिडिओ थांबतो, कोपऱ्यात एक छोटं गोल बटण लुकलुकतं, आणि ते दाबलं तरच प्रश्न उघडतो. मुलांना वाटलं, व्हिडिओ दमला. `Poster` निवडलं की प्रश्न थेट व्हिडिओच्या अंगावर पसरतो. तेच हवं होतं. हे एक टिचकीचं काम, पण त्याआधी राऊटरवाल्या आजोबांची माफी मागायची होती.

ज्यांचं नेट गेलं नव्हतं, त्यांनी खालची पट्टी बोटाने ओढून थेट शेवट गाठला होता. ४:०५ हा सेकंद वाटेत आलाच नाही, तर प्रश्न येणार कुठून? त्यावर `Prevent skipping forward in a video` असा बंदोबस्त आहे. तो लावला.

मग मला वाटलं, चार पर्यायांत ठोकताळ्याने पंचवीस टक्के पोरं बरोबर येणारच. त्यापेक्षा उत्तर लिहूनच घेऊ. रिकाम्या जागेचं उत्तर दोन चांदण्यांच्या मध्ये लिहायचं असतं. मी लिहिलं:

```
१/२ + १/४ = *३/४*
```

मुलीने ३/४ लिहिलं. चूक! पुन्हा लिहिलं. चूक! तिसऱ्यांदा रागाने नुसतं ३ लिहिलं आणि यंत्राने हिरवी खूण करून तिचं अभिनंदन केलं. मग तिने ४ लिहून पाहिलं. तेही बरोबर. गणिताच्या बाईच्या घरात अर्धा अधिक पाव बरोबर चार, आणि वर शाबासकी!

सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तिथे तिरपी रेघ म्हणजे ‘किंवा’. तुम्ही त्याला सांगितलंत, तीन किंवा चार, काहीही चालेल.” गणितात जी रेघ भागते, ती इथे पर्याय देते. एकाच रेघेला दोन नोकऱ्या.

यावर तोडगा मुलीनेच काढला. चिडून तिने शेवटी खोक्यात ‘पाऊण’ लिहिलं होतं. यंत्राने तेही चूक दिलं, पण माझं डोकं ठिकाणावर आलं. ३/४ ला आपल्याकडे सरळ नाव असताना मी चांदण्यांमध्ये रेघा कसल्या ओढतेय? नवा प्रश्न असा झाला:

```
अर्धी भाकरी आणि चतकोर मिळून *पाऊण/पाउण* भाकरी.
```

इथे ती ‘किंवा’वाली रेघ कामाला आली, कारण ऊ ऱ्हस्व की दीर्घ यावर गणिताचे गुण कापायला मी काही मराठीची बाई नाही. आकड्यातलं ३/४ मात्र पर्यायांच्या प्रश्नातच ठेवलं.

ते पर्याय मी उगाच निवडलेले नव्हते. २/६ म्हणणारा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. १/८ वाला बेरजेच्या जागी गुणाकार करून मोकळा होतो. २/४ वाल्याला छेद चार करायचा हे कळलेलं असतं, पण अर्ध्याचे दोन चतकोर करायला तो विसरतो. प्रत्येक पर्यायाला वेगळा शेरा लिहिता येतो, तो लिहिला. पण चुकल्यावर व्हिडिओ मागे कुठे न्यायचा, ती जागा सगळ्या चुकांना मिळून एकच. ती `Adaptivity` मध्ये सांगायची. मी ३:१२ दिली, जिथे समच्छेद सुरू होतात. वर अटही घातली, की बरोबर आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

रात्री स्वयंपाकघरात भांडी घासताना बाहेरच्या खोलीतून माझाच आवाज येत होता. “आता बघा हं, छेद वेगळे आहेत.” थोड्या वेळाने पुन्हा, “आता बघा हं, छेद वेगळे आहेत.” चौथ्या वेळी हात पुसत बाहेर आले. मुलगी टेबलावर हनुवटी टेकून बसली होती. पाठ झालेलं ३/४ बाजूला ठेवून स्वतः बेरीज करून पाहत होती. २/६, मागे, २/६, मागे.

“अगं, नीट ऐक ना काय सांगितलंय ते.”

“ऐकतेय. पण आई, मला कळलं नाही म्हटलं की तू परत तेच सांगतेस. तसंच. तेवढंच नाक ओढून.”

मी तव्यावरची उरलेली भाकरी आणली, आधी अर्धी केली, मग एका अर्धीचे दोन तुकडे. तिने तुकडे मोजले, एक चतकोर उचलून खाल्ला आणि म्हणाली, “उरली ती पाऊण.”

आता ती भाकरी चाळीस सेकंदांत टिपून व्हिडिओच्या शेवटी जोडली आहे, आणि चुकलेल्याला ३:१२ ऐवजी तिकडे पाठवते. सर म्हणाले, “छान, पण मग बरोबर आलेल्यांनाही शेवटी ती दिसणार. त्यांना अलीकडेच थांबवायला हवं. अर्ध्या तासाचं काम आहे.”