फाईल जाड करा, कर्ज आपोआप मिळेल

मागच्या मंगळवारी दुपारी दोनला, बाहेर ४४ अंश आणि घरात लाईट गेलेली, अशा मुहूर्तावर शेजारच्या आळीतला पोरगा माझ्या पुढ्यात एक फाईल आदळून उभा राहिला. टीपॉयवरचा तांब्या हलला, एवढं तिचं वजन. "आप्पा, एक डाव देखी ल्या. बठ्ठं लायेल शे, काहीच सोडेल नही."

दोंडाईच्याच्या अलीकडे त्याचं गाव. मिरचीची पूड करायचं युनिट टाकतोय. त्यासाठी बँकेला दिलेला प्रकल्प अहवाल १४ पानांचा, त्यामागची परिशिष्टं १७३ पानांची. बँकेतून परत आलेली. वर टाचलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ: "आवश्यक कागदपत्रे जोडावीत."

मी बँकेत आयुष्य काढलं ते अशाच फाइली चाळण्यात. लोकांना तेव्हा सांगायचो की मोजके कागद लावा. कुणी ऐकलं नाही. तेव्हा आता प्रवाहाबरोबर जातो आणि तुम्हाला खरी विद्या सांगतो.

पहिलं म्हणजे, अहवालात काय लिहिलंय ते परिशिष्ट लावताना अजिबात वाचू नका. काही विक्षिप्त माणसं अहवालाचं एकेक वाक्य घेऊन स्वतःला विचारतात, "कशावरून?" मशीन एवढ्याचं, कशावरून? माल विकला जाईल, कशावरून? जागा माझी, कशावरून? उत्तर म्हणून जो कागद दाखवावा लागेल तेवढाच मागे लावतात, आणि वाक्याच्या शेवटी "परिशिष्ट ३ पाहा" असं लिहितात. ज्या कागदाकडे अहवालातलं एकही वाक्य बोट दाखवत नाही, तो काढून टाकतात. अशा लोकांची फाईल ३०-३५ पानांत आटोपते. लग्नात पंगतीला फक्त वरण-भात वाढल्यासारखी दिसते. शोभा नाही.

आता कोटेशन. ही कला आहे. तीन कोटेशनं लागतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून तीन आणा. एकाच दुकानातून आणा, म्हणजे फिरायचे कष्ट वाचतात. या फाइलीत तीन वेगवेगळ्या लेटरहेडांवर तीन कोटेशनं होती आणि पल्व्हरायझरचं, म्हणजे पूड करायच्या मशीनचं, स्पेलिंग तिन्हींत एकाच जागी चुकलेलं होतं. दोघांचा मोबाईल नंबरही एकच. तुलना करायला तीन दर मागतात, तीन रंगांची लेटरहेडं नव्हे, हे मी त्या पोराला सांगणार होतो, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसलो.

तारखेकडे बघू नका. कोटेशन गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं असलं तरी चालतं. खाली बारीक अक्षरात "दर ३० दिवसांपर्यंत वैध" लिहिलेलं असतं, ते काय कुणी वाचतं? मी वाचतो. सगळे वाचतात! फाईल उघडल्यावर कोटेशनवर पहिली नजर तारखेवर जाते आणि दुसरी एकूण रकमेखालच्या अटींवर. तिथं लिहिलेलं होतं: जीएसटी वेगळा, वाहतूक वेगळी, मशीन बसवणं वेगळं. आणि अहवालात मशीनरीचा खर्च धरलाय ८ लाख ४० हजार, म्हणजे कोटेशनचा नुसता वरचा आकडा. त्यावर १८ टक्के जीएसटी १ लाख ५१ हजार २०० रुपये होतो. बिल ९ लाख ९१ हजार २०० चं येणार, वर ट्रकभाडं आणि फिटिंग. कर्ज मात्र मशीनपुरतं ८ लाख ४० हजारांच्याच हिशेबानं मागितलंय. मशीन दारात येऊन उभं राहील तेव्हा हा दीड लाख कुठून आणायचा? जीएसटी नोंदणी घेतली तर त्याचं क्रेडिट पुढे मिळेल हो, विक्रीवरच्या करातून हळूहळू वळतं होईल. पण मशीनवाला आधी पूर्ण पैसे घेतो, मग गाडी सोडतो. मग हा माणूस सावकाराकडे जातो, नाहीतर बायकोची पोत गहाण पडते, आणि युनिट सुरू व्हायच्या आधीच आजारी. हे मी तीन-चार गावांत डोळ्यांनी बघितलंय. एका कागदाच्या खालच्या तीन ओळी न वाचल्यामुळे.

असो. उपरोध करायचा होता, विसरलो.

एकच चांगलं कोटेशन कसं असतं तेही सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते टाळता येईल. त्यावर पुरवठादाराचा जीएसटी नंबर असतो, ताजी तारीख असते, मशीनचं मॉडेल आणि ताशी किती किलो ते असतं, मोटर किती अश्वशक्तीची ते असतं, आणि कर, वाहतूक, फिटिंग धरून शेवटी एकच आकडा असतो. तोच आकडा अहवालातल्या खर्चाच्या तक्त्यात असतो. रुपयाचाही फरक नसतो. भलतंच नीरस.

बायोडाटा चार पानी हवा. या फाइलीतल्या बायोडाट्यात रास, नाडी, उंची, मामाकुळ आणि "अपेक्षा: शिक्षित, गृहकर्तव्यदक्ष" हे सगळं होतं. शेतकी शाळेत शिकलेला, आणि नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर तीन हंगाम ओल बघून माल वेगळा करणारा हा पोरगा आहे, हे मात्र एका शब्दानंही नव्हतं. मिरचीत ओल जास्त राहिली की ती जात्यात चिकटते, बुरशी धरते. हे ज्याला हाताला कळतं त्यालाच कर्ज द्यावं, असं मला वाटलं असतं. पण मला कळणार कसं? राशीवरून?

परवान्यांच्या बाबतीत, जे हातात आहे, जे मागितलंय आणि जे मागायचंय ते एकाच गठ्ठ्यात घाला. वरती यादी करून "मिळालं, अर्ज केला, बाकी" असं लिहिलं तर समोरच्याला पाच मिनिटांत कळतं, मग त्याचा काय मान राहिला? उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र तीनदा लावा. ते फुकट आणि घरबसल्या निघतं. शेड उभी नसताना अन्न परवान्याच्या अर्जाची पोच लावून खाली ठळक अक्षरात "परवाना" लिहा. शेताचे सातबारे भरपूर लावा. इथं तीन गटांचे होते, शेड ज्या जागेवर उभी राहणार तिचा सोडून. ती जागा गावठाणात आहे, तिचा सातबारा नसतोच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो, आणि तो काकाच्या नावावर आहे. म्हणजे काकाबरोबरचा भाडेकरारही लागतो. दोन्ही नव्हते. ती चिठ्ठी आली ती यासाठी, असा माझा अंदाज. बँकेनंही "आवश्यक" म्हणजे कुठले ते लिहायला हवं होतं, त्यांच्या पेनातली शाई काय मिरचीच्या भावाची आहे?

वीजबिलही जोडाच. घरचं जोडा. कोटेशनांतल्या मोटरी बेरजेला २० अश्वशक्तीच्या, म्हणजे जवळपास १५ किलोवॅट, आणि मागे जोडलेला मंजूर भार ५ किलोवॅटचा. स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध पुरावा. न जोडता तर बरं झालं असतं. जोडायचाच होता तर वाढीव भाराच्या अर्जाची पोच.

खरी गंमत इरादापत्रांची. माल घेणाऱ्यांकडून चार पत्रं आणलेली. गावातल्या किराणावाल्याचं: "आपला माल आम्ही अवश्य घेऊ, आपणास शुभेच्छा." किती घेणार, कुठल्या भावानं, कधीपासून, काही नाही. दुसरं धुळ्याच्या हॉटेलवाल्या आतेभावाचं, महिन्याला २० किलो. शेवभाजीला तेवढी लागत असावी. तिसऱ्यावर सही नाही. आणि अहवाल म्हणतो, ताशी ५० किलो, दिवसाला आठ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १० हजार किलो. पहिल्या वर्षी त्याच्या ६० टक्के, म्हणजे महिन्याला ६ हजार किलो विकू. शुभेच्छा आणि २० किलो, यावर ६ हजार किलोंची इमारत.

चौथं पत्र पान १४१ वर होतं. आमदारांबरोबरचा फोटो आणि रक्तदानाचं प्रमाणपत्र यांच्या मधोमध. एका मसाला पॅकिंगवाल्याचं पत्र, जीएसटी नंबरसकट, तारीख, सही, शिक्का. नमुना पास झाल्यावर महिन्याला १,५०० किलो, सहा महिने, भाव त्या आठवड्याच्या बाजारावर ठरवू. अरे, हे पत्र म्हणजे अख्ख्या फाइलीचा जीव! पहिल्या सहा महिन्यांच्या विक्रीचा चौथा हिस्सा एका कागदावर. ती पक्की ऑर्डर नाही, घ्यायचा इरादा आहे, आणि अहवालात तसंच लिहायला हवं. पण बँकवाल्याला एवढा आधार पुरतो. आणि अहवालात त्याचा उल्लेख? शून्य. तिथं लिहिलंय, "मिरची पावडरला सर्वत्र प्रचंड मागणी आहे."

मी पोराला विचारलं, हे पत्र मागे का टाकलं? म्हणाला, फाईल करून देणाऱ्यानं पानाला दहा रुपयांप्रमाणे घेतले, कागद जसे हाताला लागले तसे लावले.

बस झालं आता. पानाला दहा रुपये घेणाऱ्या बाबा, तुला लाज वाटत नाही? कुणाच्या तरी पोराचं वर्ष तू आजीच्या, आत्याच्या, मावशीच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सखाली गाडतोस. त्या बायांचा या युनिटशी काय संबंध? ज्याचं कर्ज त्याचं आणि जामीनदाराचं ओळखपत्र बँक वेगळं घेते. बाकीच्यांचे नंबर दहा टेबलांवर फिरवायला कुणी सांगितलं? आणि तुम्ही, ज्यांची फाईल आहे ते, तुमच्या नावावर जाणारा कागद एकदा तरी उघडून बघाल की नाही? साड्या घ्यायला जाता तेव्हा पदर उलगडून बघता, इथं बारा लाखांचं कर्ज मागताय आणि कोटेशनची तारीख बघायला वेळ नाही!

लाईट आली तेव्हा मी फाईल उसवायला घेतली. संध्याकाळपर्यंत ३१ पानं उरली. मसालावाल्याचं पत्र वर घेतलं, नव्या कोटेशनसाठी, नमुना ८ साठी आणि भाडेकरारासाठी कोरी पानं घालून ठेवली. उरलेला ढीग चाळताना पान ९६ हाताला वेगळं लागलं. जाड कागद. त्या पोराचं दहावीचं मूळ गुणपत्रक. मूळ! डाव्या कडेला स्पायरलची भोकं पाडलेली, एक थेट त्याच्या आईच्या नावातून गेलेलं.