वितळला असता तर संगमरवर झालाच नसता

दावा: “संगमरवर, शिस्ट आणि नाइस हे खडक पृथ्वीच्या पोटात उष्णतेने वितळतात आणि दाबाखाली गार होऊन पुन्हा घट्ट होतात. त्यांच्यातले पट्टे म्हणजे मूळ गाळाचे थर. जितके पट्टे जास्त, तितका खडक खोल गेलेला.”

शिस्ट म्हणजे पापुद्र्यांनी सुटणारा खडक, नाइस म्हणजे फिक्या-गडद पट्ट्यांचा. आधी वितळण्याचं बघू. वितळून झालेला दगड कसा दिसतो हे आपल्याला वेगळं शिकवायला नको, सह्याद्रीचा काळा पाषाण तोच. त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं सापडतात. संगमरवराचा तुकडा फोडून भिंगाखाली धरा. साखरेसारखे चमकणारे दाणे एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले दिसतील, मध्ये पोकळी नाही. हे दाणे कॅल्साइटचे, आणि चुनखडकही कॅल्साइटचाच. दोन्हींवर सौम्य आम्ल टाकलं तर दोन्ही फसफसतात. खनिज तेच राहिलं, दाणे मात्र वाढले. तापलेल्या खडकात अणू दाण्यांच्या सीमा ओलांडून सरकतात, मोठे दाणे लहानांना गिळत जातात. हे सगळं घनरूपातच चालतं.

इटलीतल्या करारा गावचा प्रसिद्ध संगमरवर जुरासिक काळातल्या सागरी चुनखडकापासून झाला, तो अंदाजे 400 अंश सेल्सियसला. कॅल्साइट वितळायला बाराशे अंशांच्याही वर जावं लागतं. मग चुनाभट्टीत तर 900 अंशांच्या आसपासच चुनखडकाचा चुना होतो, तो जमिनीखाली का होत नाही? कारण भट्टीत कार्बन डायऑक्साइड उडून जातो, खोलात वरच्या खडकाचं ओझं त्याला सहजी सुटू देत नाही. स्कॉटलंडचे भूवैज्ञानिक जेम्स हॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूची पूड बंदुकीच्या बंद नळ्यांत तापवून हेच दाखवलं: चुना न होता आतून घट्ट, स्फटिकमय दगड निघाला. (नळ्या फुटायच्याही. प्रयोग धाडसाचाच होता.)

दाव्यात एक खरा धागा आहे, तोही सांगायला हवा. पाणी असेल तर साधारण 650 ते 700 अंशांना नाइसचा काही भाग खरोखर वितळू लागतो. अशा खडकात फिकट, वितळून गोठलेल्या शिरा आणि न वितळलेला गडद भाग यांची सरमिसळ दिसते. त्याला मिग्मटाइट म्हणतात आणि उष्णता-दाबाने खडक बदलत जातो त्या रूपांतरणाच्या शेवटच्या टोकाला तो येतो. शिस्ट त्याच्या कितीतरी आधीच्या पायरीवर तयार झालेला असतो.

आता पट्टे. गैरसमजाचं मूळ इथेच आहे, कारण लांबून ते थरांसारखेच दिसतात. चिकणमातीचा खडक तापू लागला की मातीच्या खनिजांतून अभ्रकाचे पापुद्रे वाढतात. ते वाढताना, ज्या दिशेने सगळ्यात जास्त रेटा येतोय तिला काटकोनात आडवे होतात. शिस्ट त्यामुळेच पापुद्र्यांनी सुटतो. रेटा बहुतेकदा बाजूने येतो, पर्वत घडताना दोन भूभाग एकमेकांवर आदळतात तेव्हा. म्हणून पुष्कळ ठिकाणी जुने थर एका दिशेने जातात आणि खडक फुटतो भलत्याच दिशेने. पाटीच्या दगडातही कधीकधी रंगाचा पट्टा फुटीच्या पातळीला तिरका छेदताना दिसतो. दोन्ही एकच असते तर हे जमलंच नसतं.

नाइसमध्ये आणखी पुढची पायरी आहे: क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचे फिके पट्टे एकीकडे, काळ्या अभ्रकाचे दुसरीकडे. काही नाइसमध्ये मूळ थरांची छाया उरतेही, नाही असं नाही. पण कितीतरी नाइस ग्रॅनाइटपासून झालेत. ग्रॅनाइटला मुळात थरच नसतात, मग ते पट्टे गाळाचे कुठून येणार?

आणि पट्टे मोजून खोली काढता येत नाही. शुद्ध संगमरवरात अभ्रकच नसल्याने तो कितीही खोल गेला तरी त्याला शिस्टसारखे पापुद्रे सुटणार नाहीत. त्यातल्या करड्या रेघा बहुधा मूळ चुनखडकातल्या माती वगैरे भेसळीच्या. खोली वाचायची ती खनिजांवरून, आणि त्याचं उत्तम उदाहरण भंडारा जिल्ह्यात आहे. तिथे कायनाइट आणि सिलिमनाइट या दोन्ही खनिजांचे साठे आहेत. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, Al2SiO5, पण अणूंची मांडणी वेगळी. दाब जास्त आणि उष्णता त्या मानाने बेताची असेल तर कायनाइट टिकतो, उष्णता वाढली की सिलिमनाइट. दाब कमी असेल तर याच सूत्राचं तिसरं भावंड, अँडालुसाइट. तिघांच्या सीमा साधारण 500 अंश आणि चौदा-पंधरा किलोमीटर खोलीवर एकत्र येतात. निळसर, सुरीच्या पात्यासारखा लांबट कायनाइट शिस्टमध्ये दिसला, की तो खडक बऱ्याच दाबातून गेलाय हे कळतं, मग त्यात पट्टा एक असो की शंभर.