‘मास्तरांचा फोटो’ या कथेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “मास्तर मोबाईलवर सुनंदाच्या पाठीचा फोटो एडिट करून खोल गळा दाखवतात आणि ती हुरळून जाते. लेखकाला शिवणकामातलं ओ की ठो कळत नाही. फोटोतला गळा अंगावर तसा बसत नसतो. शिवाय तिला न विचारता तिची पाठ उघडी रंगवली, हे लेखकाला खटकलंही नाही? शेवट गुळमुळीत.”

नमस्कार. गोष्ट आवडली नाही, एवढं साध्या शब्दांत सांगता आलं असतं. असो. एक चूक मान्य: आधी कटोरी ब्लाऊज आणि पुढे तोच प्रिन्सेस कट, असं झालंय खरं. दुरुस्त करतो.

पण ‘ओ की ठो’? माझ्या आईने २२ वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवले. शाळा सुटली की हूक लावायचं काम माझं. त्यामुळे तेवढं तरी मला शिकवू नका.

मास्तर गळा अंदाजाने रंगवत नाहीत. सुनंदाच्या अंगातला जुना ब्लाऊज त्यांनीच शिवलेला, उंची १४ इंच, वहीत लिहिलेली. फोटोत खांद्यापासून खालच्या काठापर्यंत तेच १४ इंच. त्याचे सात भाग पाडले की एक भाग २ इंचांचा. साडेचार भाग खाली उतरलं की ९ इंचांचा गळा. सुनंदाला ‘नऊ’ ऐकून काही कळत नाही. खाली उरलेली ५ इंचांची पट्टी मात्र दिसते, आणि तिच्याखाली आतलं काय झाकेल हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

फोटो फसवतो तो खांद्यावर. त्यात ती हात सोडून ताठ उभी आहे. गळा खोल आणि वर रुंदही ठेवला, तर हात उचलताच खांदा उतरतो. फोटोतला कधीच उतरणार नाही. म्हणून मास्तर कापताना खांदा अर्धा इंच आत घेतात, गळ्याची वरची रुंदी कमी करतात आणि म्हणतात, “फोटोत दोरी नव्हती, पण लावावी लागेल.” हे वाक्य गोष्टीत आहे हो! वाचलं असतंत तर दिसलं असतं.

राहिलं न विचारण्याचं. फोटो तिनेच काढू दिला होता. खोल गळा दाखवायचा तर तिथलं कापड पुसून मानेजवळच्या त्वचेचा रंग खाली ओढावाच लागतो. म्हणजे ती पाठ तिची नव्हेच, मास्तरांनी रंगवलेली. मग उघडी कुणाची झाली? उगाच काहीतरी काढायचं.

शेवट गुळमुळीत वाटला, तर वाटो. आईने वाचला, तिला तसं वाटलं नाही. तिने फक्त विचारलं, मास्तरांनी तो फोटो मोबाईलमधून नंतर काढून टाकला का. ते मी लिहिलेलं नाही.