ईएसआयचे कापलेले पैसे आणि आजारपणातला पगार

«प्रायव्हेट नोकरीत कायद्याने १२ दिवस सिक लीव्ह मिळते. ती संपली की आजार कितीही मोठा असो, पगार शून्य. ईएसआयचे पैसे कापतात ते फक्त दवाखान्यातल्या गोळ्यांसाठी. त्यापेक्षा कंपनीची मेडिक्लेम घ्या, आजारपणात घर ती चालवते.»

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर हे दोनदा फिरलं. मी पगारपत्रकं करते, म्हणून लिहिते आहे.

आधी रजेचं. महाराष्ट्रात दुकानं, ऑफिसं यांच्यासाठी २०१७ चा जो कायदा आहे, त्यात वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे आणि भरपगारी अर्जित रजा वेगळी, ती ४५ दिवसांपर्यंत साठते. ‘सिक लीव्ह’ असं वेगळं खातंच त्यात नाही. बारा, दहा, सात हे आकडे कंपनीच्या स्वतःच्या धोरणातले असतात, म्हणून आपलं नियुक्तिपत्र वाचायचं.

आता पगार शून्य होण्याचं. ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचं ईएसआय कापलं जातं, त्यांच्या बाबतीत हे साफ चूक आहे. एक कल्पित उदाहरण घेते. चाकणला काम करणारा एक कामगार, पगार १८,०००. त्याचे महिन्याला ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये कापले जातात आणि मालक वर ३.२५ टक्के भरतो. फेब्रुवारीत त्याला क्षयरोग निघाला. ईएसआय बघतं ते मागच्या एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांकडे. त्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर जानेवारी ते जून या काळात आजारपणाचा भत्ता मिळतो, सरासरी रोजच्या ७० टक्के. रोज ६०० धरला तर दिवसाला ४२०. वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, म्हणजे ३८,२२० रुपये. सुरुवातीचे दोन दिवस मात्र कोरडेच जातात.

तीन महिन्यांनीही तो बरा झाला नाही तर? क्षयरोग, कर्करोग यांसारखे ३४ दीर्घ आजार ठरवून दिलेले आहेत. त्यांच्यासाठी पुढे वाढीव भत्ता असतो, ८० टक्क्यांचा: म्हणजे दिवसाला ४८०, महिन्याला १४,४००. आधी १२४ दिवस, गरज पटली तर ३०९ दिवसांपर्यंत. अट एवढीच की दोन वर्षं सलग विमाधारक नोकरी हवी आणि त्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी हवी. नोकरीला लागून सहा महिनेच झालेल्या पोराला यातलं काहीच मिळत नाही. पहिला साधा भत्ता सुरू व्हायलाच साधारण ९ महिने लागतात.

‘मिळत नाही हो, कागदावरच आहे’ असं म्हणणारे मी बघितलेत. बहुतेक वेळा घोळ दोन ठिकाणी असतो. माणूस खासगी डॉक्टरकडे उपचार घेतो आणि त्याचंच सर्टिफिकेट कंपनीत देतो. भत्त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, तेही आजार चालू असेपर्यंत पुढचं पुढचं, खंड न पडू देता. दुसरा घोळ वर्गणीच्या दिवसांचा. बिनपगारी खाडे जास्त झाले, किंवा ठेकेदाराने भरणाच केला नाही, की ७८ चा आकडा गाठला जात नाही. ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने वर्गणीचे दिवस दिसतात. ते ठणठणीत असतानाच बघून ठेवायचे. आणि ज्या दिवशी भरपगारी रजा टाकली, त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी विचारते, अर्जित रजा आत्ताच सगळी का संपवतोस?

मेडिक्लेमवर माझा राग नाही, पण ती हॉस्पिटलचं बिल भागवते. क्षयरोगाचा रुग्ण सहा महिने घरीच गोळ्या घेतो; त्या काळात किराणा, भाडं यासाठी तिच्यातून छदाम येत नाही. गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी एकरकमी पैसे देते, पण फक्त तिच्या यादीतल्या आजारांना. अपघात विम्यातला साप्ताहिक भत्ता अपघातालाच, तापाला नाही.

पगार २१,००० च्या वर गेलेल्यांना मात्र ईएसआयचं हे छत्र नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्येच पगार वाढला तर ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालूच राहते, नंतर थांबते. त्यानंतर लांबच्या आजारात पगार चालू ठेवायचा की नाही, किती महिने, अर्धा की पूर्ण, हे कंपनीच्या मर्जीवर. लेखी धोरण असेल तर मागता येतं, साहेबांनी तोंडी दिलेला शब्द साहेब बदलले की जातो. आमच्याकडे एकाला असा शब्द मिळाला होता. दुसऱ्या महिन्याच्या पगारपत्रकात मला त्याच्या नावापुढे ‘बिनपगारी’ टाकावं लागलं.