अ‍ॅडमिनला पळवाट ठेवू नका

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अ‍ॅडमिनला झापणारा मेसेज पडला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "जरा भाषा सांभाळा." झालं, तक्रार तिथेच संपते आणि भांडण सुरू होतं. नियम मोडणारा बाजूला बसून मजा बघतो आणि ज्याचं खरं नुकसान झालंय तोच शेवटी "सॉरी, रागात बोललो" म्हणत बसतो. त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. संतापाचा मेसेज शांत करायचा तो अ‍ॅडमिनचं मन राखायला नाही. त्याला सुराबद्दल बोलायला जागाच राहू नये, मुद्द्यावरच बोलावं लागावं, म्हणून करायचा.

नोकरीत माझी बरीच वर्षं लोकांच्या तक्रारींचे अर्ज वाचण्यात गेली. तीन-तीन पानी अर्ज यायचे, त्यात साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा उद्धार असायचा, आणि अर्जदाराला नक्की काय हवंय ते शोधूनही सापडायचं नाही. असे अर्ज फाइलला लागायचे आणि तिथेच राहायचे. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून परवा ए विंगमधले नाना फोन हातात घेऊन माझ्याकडे आले. "ताई, पाठवायच्या आधी एकदा नजर टाका," म्हणाले. मेसेज असा होता (नानांच्या परवानगीने देतेय):

"अ‍ॅडमिन झोपलाय का??? रोज रोज तोच तमाशा! नियम काय फक्त आम्हाला आहेत? सी विंगवाल्याला कोणी बोलत नाही कारण तो तुमचा माणूस. गुड मॉर्निंग, फुलं, देव, द्राक्षं, सगळा बाजार मांडलाय. पाण्याचा मेसेज कुठे गेला? माझ्या म्हाताऱ्या आईचे हाल झाले. सगळ्यांच्या वतीने सांगतोय, पुन्हा असं झालं तर पोलिसांत जाईन, अ‍ॅडमिन जबाबदार असतो हे लक्षात ठेवा. आणि ग्रुपही सोडीन."

यात कामाचं वाक्य एकच आहे: पाण्याचा मेसेज कुठे गेला. बाकीचं प्रत्येक वाक्य अ‍ॅडमिनला एकेक पळवाट देतं. "तुमचा माणूस" म्हटलं की तो म्हणणार, सिद्ध करा. "रोज" म्हटलं की तो एखादा शांत गेलेला मंगळवार दाखवणार. "सगळ्यांच्या वतीने" म्हटलं की कोणीतरी टपकून विचारणार, मला कधी विचारलंत? "ग्रुप सोडीन" ही तर धमकीच नाही. अ‍ॅडमिन मनातून म्हणत असेल, सोडा बुवा, सुटलो.

पोलिसांचं तर पहिल्यांदा काढायला लावलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला, त्याचा त्यात हात असल्याशिवाय, जबाबदार धरता येत नाही. ते प्रकरणही गंभीर मजकुराचं होतं. द्राक्षांच्या जाहिरातीसाठी कोणता पोलीस येणार? अशी पोकळ धमकी एक असली तरी बाकीचं खरंही पोकळ वाटायला लागतं.

मग नानांना म्हटलं, आधी ग्रुपचे नियम काढा. ते ग्रुपच्या माहितीत लिहिलेले असतात, नाव दाबलं की दिसतात, पण आत आल्यापासून कोणी वाचलेले नसतात. आमच्याकडे लिहिलंय: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, राजकीय पोस्ट नको, जाहिराती फक्त रविवारी. गुड मॉर्निंगबद्दल एक अक्षर नाही. "कामासाठी" या शब्दात ओढूनताणून बसवता आलं असतं, पण तेवढ्यावरून वाद घातला असता तर मूळ गोष्ट राहिली असती. म्हणजे नानांच्या निम्म्या रागाला नियमाचा आधारच नव्हता. नियम मोडणं आणि आपल्याला न आवडणं यांची सरमिसळ झाली की अ‍ॅडमिन हमखास न आवडण्याबद्दलच बोलतो. नाना थोडे नाराज झाले, पण फुलं आणि देव मेसेजमधून गेले.

त्यानंतर आम्ही शुक्रवारची संध्याकाळ ग्रुपवर मागे जाऊन पाहिली. मला वाटतं अशा तक्रारीत खरा जीव इथेच असतो. शनिवारी पाणी येणार नाही ही सूचना सेक्रेटरींनी ६.५० ला टाकली होती. (तेच अ‍ॅडमिन आहेत.) ७.१० ला सी विंगमधून जाहिरात आली: शेतावरची द्राक्षं, पेटीचा भाव, घरपोच. त्याखाली रांगच लागली. "मला १ पेटी", "थॉमसन की सोनाका?", "आंबट निघाली तर परत घेणार का?", "मागच्या वेळची भारी होती", आणि मग अंगठे. रात्री दहापर्यंत त्रेचाळीस मेसेज. नानांनी साडेनऊला ग्रुप उघडला तेव्हा पाण्याची सूचना कुठच्या कुठे वर गेली होती. ज्यांनी ती वाचली त्यांनी रात्रीच बादल्या, पिंपं भरली. सकाळी साडेआठला वरची टाकी कोरडी झाली तेव्हा नानांकडे हंडाभर पाणी होतं आणि बिछान्याला खिळलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या आईचं सगळं अजून व्हायचं होतं.

हे असं ओळीने मांडलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी रागात दिसत नव्हती. सूचना एका जाहिरातीने गाडली नाही, तिच्याखालच्या बुकिंगने गाडली. सी विंगवाल्याला ग्रुपमधून काढलं असतं तरी पुढच्या शुक्रवारी ए विंगच्या कोणाच्या तरी हुरड्याने किंवा साड्यांच्या सेलने तेच केलं असतं. म्हणजे मागायचं काय, तेच बदललं.

आणखी एक सापडलं. "मला १ पेटी" म्हणणाऱ्यांत खुद्द सेक्रेटरी होते! नानांचे डोळे चमकले. "हे टाकायचंच, ताई." मी अडवलं. ते वाक्य मेसेजमध्ये आलं की सेक्रेटरी स्वतःच्या पेटीचा बचाव करणार, पाणी परत बाजूला. आपण न बोललो तरी त्यांना स्वतःचा मेसेज आठवतोच. न बोललेलं कधी कधी जास्त लागतं.

"रोज" या शब्दाचंही असंच केलं. महिनाभराचं मागे जाऊन पाहिलं तर रविवार सोडून जाहिराती चार वेळा आलेल्या. चार हा आकडा "रोज"पेक्षा लहान दिसतो, पण तारखांसकट दिला की नाकारता येत नाही.

इथे नाना दुसऱ्या टोकाला गेले. त्यांनी नवा मेसेज लिहिला: "साहेब, राग मानू नका, सहज सुचलं म्हणून लिहितो, जमल्यास बघावं." शांत म्हणजे असं मिंधं नव्हे. याला दोन हात जोडलेला इमोजी येतो आणि विषय मिटतो. आईचे हाल झाले हे रडगाणं नाही, झालेली गोष्ट आहे, ती एका वाक्यात सरळ राहायलाच हवी. राग काढून टाकायचा, नुकसान नाही.

शेवटी जो मेसेज गेला तो हा:

"नमस्कार सेक्रेटरीसाहेब. शुक्रवारी ६.५० ला तुम्ही शनिवारच्या पाण्याची सूचना टाकलीत. ७.१० ला द्राक्षांची जाहिरात आली आणि रात्री १० पर्यंत तिच्या बुकिंगचे ४३ मेसेज आले. मी साडेनऊला ग्रुप पाहिला तेव्हा सूचना वर गेल्याने दिसली नाही. सकाळी टाकी संपली तेव्हा घरात पाणी भरलेलं नव्हतं आणि आईचे (वय ८२) फार हाल झाले.

ग्रुपच्या नियमाप्रमाणे जाहिराती फक्त रविवारी टाकायच्या आहेत. या महिन्यात इतर दिवशी चार वेळा आल्या, तारखा खाली दिल्या आहेत.

दोन विनंत्या आहेत. पाणी, लाइट, लिफ्टच्या सूचना ग्रुपवर पिन कराव्यात. आणि रविवारच्या नियमाची सगळ्यांना एकदा आठवण करून द्यावी, बुकिंग ग्रुपवर न करता विकणाऱ्याच्या नंबरवर करावं असं त्यात सांगावं. येत्या रविवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल. नाना, ए विंग."

सी विंगवाल्याचं नाव यात कुठेच नाही, आणि ते मुद्दामच. अ‍ॅडमिनला जाहिरात माहीत आहे, टाकणारा माहीत आहे. नाव घातलं की हा मेसेज कोणीतरी त्याला फॉरवर्ड करणार आणि मग जिन्यात गाठभेट होणार.

मागणीही अ‍ॅडमिनच्या हातातली आहे. पिन करायला सूचना दाबून धरायची आणि मुदत निवडायची, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. शनिवारच्या पाण्याला २४ तास पुरे. तेवढ्यात कितीही पेट्या विकल्या गेल्या तरी सूचना ग्रुपच्या डोक्यावर बसून राहते. "कडक कारवाई करा" याला "बघतो" म्हणता येतं. "पिन करा" याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

हा मेसेज ग्रुपवर टाकला नाही, सेक्रेटरींना एकट्याला पाठवला. चारचौघांत विचारलं की माणूस चारचौघांसाठी उत्तर देतो. आणि कच्चा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत लिहू नका, अंगठा कधी पाठवायच्या बाणावर पडेल सांगता येत नाही. पंधरा मिनिटांत सुधारता येतो हे खरं, पण ज्याने वाचायचा त्याने वाचलेला असतो, आणि स्क्रीनशॉट काढणारी मंडळी आपल्यात कमी नाहीत. नानांनी जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिला, मग फोनवर उतरवला.

काहीजण म्हणतील, एवढा कुटाणा कशाला, दोन शिव्या घातल्या तरी सूचना पिन झाली असती. झालीही असती, एकदा. पण सेक्रेटरी बिनपगारी काम करतात आणि जिन्यात रोज भेटतात. पुढच्या वेळी नानांच्या नळाला गळती लागली की त्यांनाच फोन करायचाय.

संध्याकाळी उत्तर आलं. पिनचं लगेच मान्य केलं, आईंची विचारपूस केली. नियमाची आठवण द्यायचं मात्र "कमिटीत बोलतो" म्हणाले. सूचना आता पिन होतात. जाहिरात मध्ये एकदा बुधवारी आलीच, पण खाली कोणीतरी लिहिलं, "बुकिंग पर्सनलवर करा," आणि रांग लागली नाही. गुड मॉर्निंग सुरूच आहे. ते थांबवायचं तर आधी नियम हवा, आणि तो ग्रुपवर ओरडून होत नाही, कमिटीकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. नानांनी तो लिहायला घेतलाय. पहिल्या मसुद्यात तीन उद्गारचिन्हं होती, एक मी ठेवलंय.