निम्मा पगार धरून केलेलं हायरिंग बजेट पाचव्या महिन्यात फसतं

"हायरिंग प्लॅनला एवढी मोठी शीट कशाला लागते? नवीन लोकांचा वर्षाचा पगार घ्या, निम्मा करा, सरासरी काढली तर माणसं वर्षाच्या मध्यावरच येतात. वर १० टक्के रिक्रूटमेंट टाका, भागिले बारा करा, झालं. जॉइनिंगच्या तारखा तशाही कुणाला माहीत नसतात, आणि उशिरा आलेल्यांचे पैसे वाचतातच."

हे गेल्या काही दिवसांत मला चार ग्रुपवर आलंय आणि खाली "एकदम करेक्ट" म्हणणारे बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं बजेटच्या शीट बनवतोय आणि अगदी याच पद्धतीने एकदा आपटलोय, ते पुढे सांगतो. आधी एक छोटा प्लॅन घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

सहा माणसं घ्यायचीत. एक टीम लीड, महिना १५० हजार, तिसऱ्या महिन्याच्या १ तारखेपासून. दोन डेव्हलपर, प्रत्येकी १०० हजार, पाचव्या महिन्याच्या १ पासून. दोघं सपोर्टला, प्रत्येकी ५० हजार, आठव्या महिन्याच्या १६ तारखेपासून (महिना ३० दिवसांचा धरू). आणि एक सेल्सचा माणूस, ८० हजार, अकराव्या महिन्याच्या १ पासून. हा नुसता पगार आहे, कंपनीच्या वाट्याचा विमा, फंड वगैरे वेगळ्या ओळीत टाकायचं, ते इथे मध्ये आणत नाही.

आता निम्म्याचा हिशोब. सगळ्यांचा मिळून महिन्याचा पगार ५३० हजार, वर्षाचा ६,३६० हजार, निम्मा ३,१८० हजार. आणि तारखांप्रमाणे? लीडचे १० महिने म्हणजे १,५००, डेव्हलपरचे ८ महिने म्हणजे दोघांचे १,६००, सपोर्टचे साडेचार महिने म्हणजे दोघांचे ४५०, सेल्सचे २ महिने म्हणजे १६०. बेरीज ३,७१० हजार. फरक ५३० हजार, म्हणजे अख्ख्या नव्या टीमचा एक पूर्ण पगार बजेटमध्ये नाहीच.

गंमत बघा, डोकी मोजली तर सरासरी जवळपास बरोबर आहे, सहा जणांचे मिळून ३७ महिने भरतात, म्हणजे माणशी सहा महिन्यांच्या किंचित वर. पण पैशाने मोजलं तर सरासरी सात महिने येते, कारण महागडी माणसं आधी आली. आणि ती आधीच येतात हो, लीड आल्याशिवाय खालच्यांचे इंटरव्ह्यू कोण घेणार? डोक्यांची सरासरी पगाराला लावली की ही चूक ठरलेली. अगदी सारखे पगार आणि दर महिन्याच्या १ तारखेला एक असं बारा महिने घेतलं तरी सरासरी साडेसहा येते, सहा नाही. शे-दोनशे माणसं एकाच पगाराची, वर्षभर सारखी येत असतील तर निम्म्याचा अंदाज पहिल्या चर्चेपुरता चालेल, तेवढं मी मान्य करतो. सहा-दहा माणसांच्या प्लॅनला नाही.

रिक्रूटमेंटच्या १० टक्क्यांवर तर जास्तच बोलायला हवं, कारण इथे दोन चुका एकावर एक बसल्यात. पहिली, एजन्सीची फी माणसाच्या पूर्ण वर्षाच्या पगारावर लागते, त्याने या वर्षात किती महिने काम केलं त्यावर नाही. पगार प्रोराटा होतो, फी होत नाही. आपल्या प्लॅनमध्ये समजा लीड आणि डेव्हलपर एजन्सीकडून येणार, फी २० टक्के. लीडचा वर्षाचा पगार १,८०० म्हणजे फी ३६०, दोन डेव्हलपरची मिळून ४८०. सपोर्टसाठी जाहिराती ४०, आणि सेल्सचा माणूस आपल्याच कुणाच्या ओळखीने, त्याचा रेफरल बोनस ४०. एकूण ९२० हजार. निम्म्या पगाराचे १० टक्के म्हणजे फक्त ३१८. आता कोणी म्हणेल टक्के वाढव, २५-३० टाक. टाकून काय होणार, पुढच्या वर्षी एजन्सी न घेता दोन माणसं आणली की तो आकडाही खोटा. हा खर्च पगाराला नाही, माणूस कुठून आणणार त्याला चिकटलेला असतो, म्हणून शीटमध्ये प्रत्येक पोस्टसमोर "कुठून" असा एक कॉलम हवाच.

दुसरी चूक वेळेची. एजन्सीचं बिल बहुतेक वेळा जॉइनिंगला येतं, एकरकमी. जाहिरातीचे पैसे जॉइनिंगच्या आधी जातात, सपोर्टसाठी सातव्या महिन्यातच. रेफरल बोनस बऱ्याच ठिकाणी माणूस तीन महिने टिकला तरच देतात, म्हणजे आपल्या सेल्सवाल्याचा ४० हजार रोखीने पुढच्या वर्षात जाणार आणि या वर्षी रोख ८८०. लॅपटॉप, जॉइनिंग बोनस यांचंही तसंच, पण ते तुम्ही लावाल, तत्त्व एकच.

आता भागिले बारा. त्या पद्धतीने एकूण ३,१८० अधिक ३१८ म्हणजे ३,४९८, महिना २९१.५ हजार. खरा खर्च असा जातो: पहिले दोन महिने शून्य, तिसऱ्यात ५१०, चौथ्यात १५०, पाचव्यात एकदम ८३० (डेव्हलपर आले आणि त्यांची बिलंही आली), मग ३५०, ३९०, ४००, ४५०, ४५०, आणि शेवटचे दोन महिने ५३०. बेरीज ४,५९० हजार. दुसऱ्या महिन्याअखेर रिपोर्टमध्ये ५८३ हजार "वाचलेले" दिसतात, चौथ्याअखेरही ५०६ शिल्लक, आणि पाचव्या महिन्यात ती सगळी शिल्लक जाऊन आपण ३२ हजारांनी वर. नंतर आकडा खाली येतच नाही.

मी आपटलो तो इथेच. ज्या कंपनीत होतो तिथे दुसऱ्या महिन्याच्या मीटिंगला मीच सांगितलं की हायरिंगच्या हेडमध्ये पैसे शिल्लक आहेत, लगेच एका खात्याने ते एका सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी मागून घेतले, दिलेही. शिल्लक नव्हतीच ती, माणसं अजून यायची होती एवढंच. पाचव्या महिन्यात ऑफर दिलेल्या दोघांना "जरा थांबा" म्हणायची वेळ आली, त्यातला एक गेला. तो फोन मीच केला होता, त्यामुळे महिन्यांत वाटणी हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

"तारखा कुणाला माहीत असतात" याचं उत्तर एवढंच की तारीख ओळखायची नसते, मागून मोजायची असते. जाहिरात आणि इंटरव्ह्यू सहा आठवडे, ऑफर आणि होकार दोन आठवडे, समोरच्याचा नोटीस पिरियड दोन महिने, झाले चार महिने. लीड तिसऱ्या महिन्याच्या १ ला हवाय तर मंजुरी आदल्या वर्षाच्या अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला लागते. मंजुरी जर बजेटबरोबर पहिल्या महिन्याच्या १ तारखेलाच मिळणार असेल तर तो पाचव्याच्या १ च्या आधी येऊच शकत नाही, मॅनेजरने शीटमध्ये काहीही लिहिलेलं असो. आलेल्या प्रत्येक प्लॅनवर मी पहिली हीच तपासणी करतो, आणि पहिल्या तिमाहीतल्या बऱ्याच तारखा तिथेच उडतात. ही हट्टाची गोष्ट नाही, तुमच्या मागच्या दहा जॉइनिंगची मंजुरीची तारीख आणि रुजू झाल्याची तारीख काढा, मधले दिवस मोजा, तुमचे खरे चार महिने किती ते कळेल.

एकदा तारीख बसली की शीट मोठी लागत नाही. C मध्ये महिन्याचा पगार, D मध्ये जॉइनिंगची तारीख, वरच्या ओळीत E1 पासून प्रत्येक महिन्याची १ तारीख, आणि हा एक फॉर्म्युला उजवीकडे-खाली ओढायचा:

```
=$C2*MAX(0,MIN(1,(EOMONTH(E$1,0)-$D2+1)/DAY(EOMONTH(E$1,0))))
```

माणूस आला नसेल त्या महिन्यात शून्य, मधेच आला तर उरलेल्या दिवसांपुरता, नंतर पूर्ण. ३० दिवसांच्या महिन्यात १६ ला आला तर १५ दिवस म्हणजे निम्मा. फक्त तुमचं पेरोल कामाचे दिवस धरतं का कॅलेंडरचे, ते विचारून घ्या, नाहीतर पहिल्या पगाराला दरवेळी थोडा फरक येत राहील. तारीख बदलली की एक सेल बदलायचा. फी मात्र या फॉर्म्युल्यात घालू नका, तिची वेगळी ओळ, जॉइनिंगच्या महिन्यात पूर्ण.

राहिलं उशिरा येणाऱ्यांचं. आपले सहाही जण एकेक महिना उशिरा आले तर पगार ५३० ने कमी होऊन ३,१८० होतो. बरोब्बर तो निम्म्याचा आकडा! म्हणजे ज्यांना वर्षाअखेर "बघा, निम्मं बरोबर आलं" असं वाटतं त्यांनी आधी बघावं की सगळे उशिरा तर आले नाहीत, कारण मग अंदाज बरोबर नव्हता, हायरिंग लांबलं होतं आणि ते काम दुसऱ्या कुणीतरी ओव्हरटाइम करून नाहीतर बाहेरून करून घेतलं होतं, तो खर्च भलत्याच हेडमध्ये बसलाय. आणि उशिराने फी एक पैशाने कमी होत नाही, फक्त महिना सरकतो. उशीर धरायचाच असेल तर जरूर धरा, पण वेगळ्या ओळीत, "उशिरामुळे वजा" म्हणून, तारखा खऱ्या ठेवून. तारखेतच गुपचूप महिना वाढवला की नंतर कुणाला कळत नाही आपण काय गृहीत धरलं होतं, आणि मग वरचा साहेब अजून एक महिना वाढवतो.

शिवाय अकराव्या महिन्यातला सेल्सवाला या वर्षी १६० हजारांत दिसतो, म्हणून तो पास होतो. पुढच्या वर्षी तोच ९६० चा आहे. पूर्ण टीम बघितली तर एकही नवीन माणूस न घेता, पगारवाढ न देता पुढच्या वर्षाचा पगार ३,७१० वरून ६,३६० होतो, २,६५० हजारांची वाढ आजच ठरून गेलेली. मंजुरीच्या शीटमध्ये प्रत्येक पोस्टसमोर "या वर्षी" आणि "पूर्ण वर्षाला" असे दोन आकडे शेजारी ठेवा. सही करणाऱ्याला दुसरा आकडा दिसला की "घेऊन टाका, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे" हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकू येत नाही.